समासात राहिलेली चिन्हं : तक्त्याने केलेल्या इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं एक प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या बॅचला घरी सोडवायला हे गणित दिलं होतं:

```
∫₀² (x³ − 4x) e^(−2x) dx
```

एका विद्यार्थिनीने ते तक्त्याच्या पद्धतीने सोडवलं आणि मैत्रिणींनी मागितला म्हणून वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटोत फक्त तक्ता होता, पुढची बेरीज आणि उत्तर पानाच्या मागच्या बाजूला होतं. बाकीच्यांनी तक्ता उतरवून घेतला आणि पुढचं काम आपापलं केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन उत्तरं निघाली. मूळ वहीत −0.696 होतं, तर फोटोवरून उतरवलेल्या वह्यांमध्ये 0.641. आकडे बऱ्यापैकी जवळचे आणि चिन्ह मात्र उलटं. त्यामुळे पहिला संशय लिमिट्सवर गेला: कुणीतरी वरची खाली आणि खालची वर ठेवली असणार. पण लिमिट्स उलटल्या असत्या तर आकडा तोच राहून फक्त चिन्ह बदललं असतं. इथे आकडाही वेगळा होता, म्हणजे चूक त्याआधीची होती.

फोटोत दिसत होतं ते असं:

```
u              v
x³ − 4x        e^(−2x)
3x² − 4        −(1/2) e^(−2x)
6x             (1/4) e^(−2x)
6              −(1/8) e^(−2x)
0              (1/16) e^(−2x)
```

या तक्त्यातली एकही नोंद चुकीची नाही. डावीकडे x³ − 4x चं एकेक डेरिव्हेटिव्ह घेत शून्यापर्यंत आलं आहे. उजवीकडे e^(−2x) चं एकेक इंटिग्रल आहे, दर वेळी −2 ने भागून. पॉवर वाचण्यातही घोटाळा नाही. फोटोत घातांक नेहमीच बारीक येतो, आणि −2x च्या जागी 2x किंवा −x² वाचलं जाऊ शकतं, पण शंका आली तर तक्ताच साक्ष देतो. दुसऱ्या ओळीत −1/2 आहे म्हणजे घातांकातलं x चं सहगुणक −2 आहे. 2x असतं तर तिथे +1/2 आलं असतं, आणि −x² असतं तर उजवीकडचा कॉलम पहिल्याच पायरीला अडला असता, कारण e^(−x²) चं इंटिग्रल नेहमीच्या फलांमध्ये लिहिताच येत नाही.

चुकलं ते फोटोबाहेर. मूळ वहीत तिसरा कॉलम होता: ओळींच्या डावीकडे, लाल रेघेच्या पलीकडे समासात, पेन्सिलीने लिहिलेली +, −, +, − ही चिन्हं. वही जाड, डावी कड शिवणीच्या सावलीत गेलेली, म्हणून फोटो टाकताना ती बाजू कापली गेली आणि चिन्हांचा कॉलम तिच्याबरोबर गेला. उतरवणाऱ्यांना काही राहिल्यासारखं वाटलं नाही. वर्गात त्यांचं म्हणणं हेच होतं: "सर, चिन्हं तर आहेतच की कॉलममध्ये. एक आड एक वजा आलंय."

हे म्हणणं दिसायला रास्त आहे, आणि त्याच्यामुळेच हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं आहे. उजव्या कॉलममध्ये वजा चिन्हं खरोखरच एक आड एक आहेत. पण ती e^(−2x) ची आहेत. तक्त्याला जी एक आड एक चिन्हं लागतात ती वेगळीच, ती सूत्राची आहेत.

सूत्राची चिन्हं येतात कुठून, ते एकदा हाताने मांडून बघावं. v चं पहिलं इंटिग्रल v₁, त्याचं इंटिग्रल v₂, असं म्हणू. u च्या डेरिव्हेटिव्हना u′, u″ म्हणू. नेहमीचं सूत्र एकदा लावलं की

```
∫ u v dx = u v₁ − ∫ u′ v₁ dx
```

आता उजवीकडे उरलेल्या इंटिग्रलला तेच सूत्र पुन्हा लावायचं, u च्या जागी u′ आणि v च्या जागी v₁ धरून. तिथे u′v₂ वजा ∫u″v₂ मिळतं. पण या सगळ्याच्या बाहेर आधीचं एक वजा उभं आहे, ते कंसात शिरतं:

```
∫ u v dx = u v₁ − [ u′ v₂ − ∫ u″ v₂ dx ]
         = u v₁ − u′ v₂ + ∫ u″ v₂ dx
```

तिसऱ्यांदा लावलं की u″v₃ अधिक राहतं आणि उरलेलं इंटिग्रल पुन्हा वजा होतं. म्हणजे +, −, +, − ही मालिका u कोण आणि v कोण याच्यावर अवलंबूनच नाही. v च्या जागी e^(2x) असो, sin 3x असो किंवा (x+1)⁷ असो, ती तशीच राहते. फलाच्या स्वतःच्या खुणा v च्या कॉलममध्ये येतात, सूत्राच्या खुणा चिन्हांच्या कॉलममध्ये, आणि शेवटी दोन्हींचा गुणाकार करायचा असतो. एक कॉलम दुसऱ्याचं काम करत नाही.

e^(−2x) मध्ये गंमत अशी की दोन्ही कॉलम एकमेकांच्या अगदी उलट तालात चालतात. जिथे सूत्राचं + तिथे फलाचं −, आणि जिथे सूत्राचं − तिथे फलाचं +. त्यामुळे प्रत्येक तिरप्या गुणाकाराला अखेर वजाच मिळतं. बरोबर मांडलेला तक्ता हा:

```
चिन्ह   u              v
 +      x³ − 4x        e^(−2x)
 −      3x² − 4        −(1/2) e^(−2x)
 +      6x             (1/4) e^(−2x)
 −      6              −(1/8) e^(−2x)
        0              (1/16) e^(−2x)
```

गुणाकार तिरपा करायचा. डावीकडची ओळ घ्यायची, तिचं स्वतःचं चिन्ह घ्यायचं आणि उजवीकडची एक ओळ खालची नोंद घ्यायची. पहिल्या ओळीतला e^(−2x) कशाशीच गुणला जात नाही, कारण सूत्रात v कधी नुसता येत नाही, v₁ पासून सुरुवात होते. शून्याच्या ओळीतला 1/16 मात्र लागतो, तो वरच्या 6 चा जोडीदार आहे. "शून्य आलं, तिथे थांबलो" म्हणून शेवटची नोंद काढलीच नाही असं पुष्कळदा होतं, आणि मग उत्तरातली एक राशी गळते. खूण साधी आहे. डावीकडे शून्य सोडून जितक्या ओळी, तितकेच गुणाकार. इथे चार.

```
+ (x³ − 4x)(−1/2)  =  −x³/2 + 2x
− (3x² − 4)(1/4)   =  −3x²/4 + 1
+ (6x)(−1/8)       =  −3x/4
− (6)(1/16)        =  −3/8
```

दुसऱ्या ओळीकडे जरा थांबून बघायला हवं. कंसाबाहेरचं वजा आत गेलं की −4 चा +4 होतो आणि चारने भागून +1 उरतो. घाईत कंस न घालता लिहिलं की तिथे −1 येतं, आणि पुढे सगळं बरोबर असूनही स्थिर पद 5/8 ऐवजी −11/8 होतं. पॉलिनोमियल एकाच पदाचं असेल, नुसतं x³, तर ही चूक होऊच शकत नाही. म्हणून x³ e^(−2x) वर तयारी केलेली मुलं x³ − 4x आलं की इथे हमखास घसरतात.

चारही ओळी मिळवल्या की

```
F(x) = e^(−2x) [ −x³/2 − 3x²/4 + 5x/4 + 5/8 ]
     = −(1/8) e^(−2x) (4x³ + 6x² − 10x − 5)
```

आता लिमिट्स. x = 2 ठेवलं की कंसात 32 + 24 − 20 − 5 = 31, म्हणून F(2) = −(31/8)e^(−4). x = 0 ठेवलं की F(0) = 5/8. उत्तर

```
F(2) − F(0) = −(31/8) e^(−4) − 5/8 ≈ −0.071 − 0.625 = −0.696
```

खालची लिमिट शून्य दिसली की तिचं पद शून्य धरून सोडून द्यायची सवय अनेकांना असते. पॉलिनोमियलच्या गणितात ती बहुधा खपून जाते. इथे e⁰ म्हणजे 1, आणि कंसात स्थिर पद उरलेलं आहे. शिवाय उत्तरातला मोठा वाटा खालच्याच लिमिटचा आहे: 0.696 पैकी 0.625. ती सोडली तर हातात −0.071 उरतं, म्हणजे खऱ्या उत्तराचा जेमतेम दहावा भाग.

चिन्हांचा कॉलम नसलेल्या वह्यांत काय झालं ते आता सरळ दिसतं. तिरपे गुणाकार जसेच्या तसे मिळवले गेले, म्हणून दुसरी आणि चौथी ओळ उलट्या चिन्हाने आली:

```
e^(−2x) [ −x³/2 + 3x²/4 + 5x/4 − 5/8 ]
```

x³ आणि x चे सहगुणक अगदी बरोबर, x² आणि स्थिर पद उलटं. अशा उत्तरावर नजर फिरवली तर ते चुकीचं वाटत नाही, उलट चिन्हं आलटून पालटून दिसल्यामुळे जास्त खरं वाटतं. बरोबर उत्तरात मात्र बेरजेआधीच्या चारही ओळी वजाने सुरू होतात, आणि ते पाहून मूळ विद्यार्थिनीच आधी बिचकली होती.

नजरेवर सोडू नये, पडताळा घ्यावा. e^(−2x) शी गुणलेलं कंसातलं पॉलिनोमियल P म्हटलं, तर पूर्ण उत्तराचं डेरिव्हेटिव्ह e^(−2x)(P′ − 2P) होतं. म्हणजे P′ − 2P काढायचं आणि ते x³ − 4x येतं का ते बघायचं. बरोबर उत्तरासाठी:

```
P′   = −3x²/2 − 3x/2 + 5/4
−2P  =  x³ + 3x²/2 − 5x/2 − 5/4
बेरीज =  x³ − 4x
```

चुकीच्या उत्तरासाठी हीच बेरीज x³ − 3x² − x + 5/2 येते. दोन ओळींचं काम आहे. तेवढाही वेळ नसेल तर फक्त x = 0 ठेवावा. मूळ फल तिथे शून्य आहे, म्हणून P चं x चं सहगुणक हे स्थिर पदाच्या दुप्पट असायलाच हवं. 5/4 आणि 5/8 जमतात. 5/4 आणि −5/8 जमत नाहीत, आणि चूक तिथेच पकडली जाते. एका बिंदूवर जमलं म्हणजे उत्तर बरोबरच असं मात्र नाही. x² चं सहगुणक चुकलं असतं तर या तपासणीत दिसलं नसतं.

या गणिताला आणखी एक पडताळा होता, आणि तो इंटिग्रेशन करण्याआधीच उपलब्ध होता. x³ − 4x म्हणजे x(x² − 4). 0 आणि 2 च्या मध्ये x धन आणि x² − 4 ऋण, म्हणून गुणाकार ऋण. e^(−2x) सगळीकडे धन. म्हणजे पूर्ण अंतरावर आलेख x-अक्षाच्या खाली आहे, दोन टोकांना फक्त अक्षाला टेकतो. अशा फलाचं उत्तर धन येणं शक्यच नाही. 0.641 दिसताक्षणी पेन खाली ठेवायला हवं होतं. अंदाज आकड्यानेही घेता येतो. फलाची किंमत x = 0.5 ला साधारण −0.690, 1 ला −0.406 आणि 1.5 ला −0.131 आहे. सिम्पसनच्या नियमाने यातून −0.682 मिळतं, म्हणजे खऱ्या −0.696 च्या अगदी शेजारी.

हीच चूक दुसऱ्या फलावर झाली असती तर लपली नसती, हेही सांगायला हवं. गणितात e^(2x) असतं तर उजव्या कॉलममध्ये एकही वजा आलं नसतं, आणि "चिन्हं आहेतच की" म्हणायला जागाच राहिली नसती. sin आणि cos मध्ये धोका वेगळ्या प्रकारचा. तिथे v च्या खुणा दोन दोनच्या जोडीने बदलतात. cos nx पासून सुरू केलं की (sin nx)/n, मग −(cos nx)/n², मग −(sin nx)/n³. सूत्राच्या +, −, + शी गुणल्यावर अंतिम चिन्हं +, +, − अशी येतात, आणि ती पाठ करायला गेलं की घोटाळा ठरलेला.

इंजिनिअरिंगला फुरिए सिरीज काढताना हे रोज लागतं. तिथे या पद्धतीला जनरलाइज्ड रूल म्हणतात. −π ते π मध्ये x² ची सिरीज घ्या:

```
∫ x² cos nx dx = x² (sin nx)/n + 2x (cos nx)/n² − 2 (sin nx)/n³
```

लिमिट्स ठेवल्या की sin ची पदं जातात, मधलंच पद उरतं आणि a_n = 4(−1)ⁿ/n² मिळतं. सूत्राचं वजा विसरलं तर हेच पद उलटं येतं आणि सगळी सिरीज बिघडते. तपासायला x = 0 पुरतं. स्थिर पद π²/3 आणि बाकीची बेरीज −π²/3, मिळून शून्य यायला हवं. चुकीच्या चिन्हाने 2π²/3 येतं.

तक्ता कुठे चालत नाही हे थोडक्यात. डावा कॉलम शून्यावर येतो तो फक्त पॉलिनोमियल असेल तेव्हा. u निवडायला मुलं लायेटचा क्रम वापरतात: लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्रा, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. हा क्रम हर्बर्ट कसुबे यांनी १९८३ मध्ये एका छोट्या लेखात मांडला, आणि तो बहुतेक वेळा उपयोगी पडतो. पण लॉग डावीकडे गेला की कॉलम शून्यावर येतच नाही, x ln x मध्ये एका ओळीनंतर थांबून उरलेलं इंटिग्रल वेगळं काढावं लागतं. e^(2x) cos 3x मध्ये दोन ओळींनंतर मूळ इंटिग्रलच परत येतं आणि ते डावीकडे नेऊन सोडवावं लागतं. अशा वेळी शेवटच्या ओळीत दोन्ही नोंदींचा आडवा गुणाकार इंटिग्रलच्या खुणेखाली, त्या ओळीच्या चिन्हासह, लिहायला हवा. हे उरलेलं इंटिग्रल शून्य झालं म्हणूनच आपल्या गणितात ते दिसलं नाही, ते नव्हतंच असं नाही.

फोटोवरून वाचताना −2x च्या जागी −x² वाचलं गेलं असतं तर काय, असा प्रश्न वर्गात आला. ∫(x³ − 4x)e^(−x²)dx साठीही तक्ता लावता येतो, पण वाटणी बदलावी लागते. एक x घातांकाकडे द्यायचा: u = x² − 4 आणि v = x e^(−x²). मग v₁ = −(1/2)e^(−x²), आणि u′ = 2x. इथे थांबायचं, कारण v₁ पुढे इंटिग्रेट होत नाही. उरलेलं +∫x e^(−x²)dx सरळ निघतं आणि उत्तर (1/2)e^(−x²)(3 − x²) येतं. डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा, x³ − 4x परत मिळतं.

वर्गात यावर जो बदल ठरला तो मांडणीचा. तक्ता काढताना चिन्हं समासात लिहायची नाहीत, u च्या कॉलमला चिकटून, त्याच पेनाने, कंसासह लिहायची: +(x³ − 4x), −(3x² − 4), +(6x), −(6). फक्त क्रम सांभाळायचा. आधी डावा कॉलम शून्यापर्यंत पूर्ण करायचा आणि मगच चिन्हं लावायची. −(3x² − 4) लिहून त्याचंच डेरिव्हेटिव्ह घेत पुढे गेलं तर खाली −6x येतं आणि त्याच्यावर पुन्हा चिन्ह लावायचं की नाही हा गोंधळ होतो. तक्त्याच्या वर सूत्राची एक ओळ, u v₁ − u′v₂ + u″v₃ − …, लिहावी. पेपरमध्ये तपासणाऱ्याला पद्धत कळते, आणि फोटोची डावी कड कापली गेली तरी चिन्हं कुठून आणायची हे पानावरच लिहिलेलं राहतं.